आजारातून उठताना: तूट किती, भर किती

फ्लूचा किंवा सर्दीचा ताप उतरला की घराघरांत दोन गोष्टी सुरू होतात. एकीकडे मऊ भात, मेतकूट, मुगाचे कढण. दुसरीकडे औषधाच्या दुकानातून आणलेली चघळायची नारंगी गोळी, ५०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्वाची, आणि ‘अशक्तपणा आहे, दोन घे’ हा सल्ला. दोन्हींमागचा हेतू चांगला असला तरी दोन्हींचे तर्कशास्त्र वेगळे आहे. आजाराने शरीराची जी झीज झाली ती भरून काढणे ही एक गोष्ट. गरज भागल्यावरही तेच पदार्थ वाढवत नेले तर बरे होणे वेगाने होईल असे मानणे, ही दुसरी. पहिलीला बऱ्यापैकी आधार आहे. दुसरीला प्रत्येक वेळी तपासले की तो सापडत नाही, आणि ‘क’ जीवनसत्त्वाइतके तपासलेले उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

या गोळीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लायनस पॉलिंग यांनी. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके मिळालेल्या या माणसाने १९७० मध्ये सर्दी आणि ‘क’ जीवनसत्त्व यांवर पुस्तक लिहिले आणि रोज एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा सुचवली. दावा इतक्या मोठ्या माणसाचा होता, म्हणून पुढची चाळीसेक वर्षे तो पुन्हा पुन्हा तपासला गेला. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात या प्रयोगांची बेरीज मांडली आहे. रोज गोळी घेऊनही सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. सर्दी झालीच, तर मोठ्यांमध्ये तिचा काळ सरासरी ८ टक्क्यांनी घटला, म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत साधारण अर्धा दिवस. वर्षाला दोन-तीन वेळा सर्दी होणाऱ्याने दीड दिवस वाचवण्यासाठी ३६५ दिवस गोळी घ्यायची, असा हा व्यवहार आहे. शिवाय हा अर्धा दिवसही फक्त आधीपासून घेणाऱ्यांना मिळाला. नाक वाहू लागल्यावर सुरू केलेल्या गोळीचा सातत्याने दिसणारा फायदा आढळला नाही, आणि आपल्याकडे ती नेमकी तेव्हाच सुरू होते. एक अपवाद खरा आहे: मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात सर्दीचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. तापातून उठून खाटेवर पडलेला माणूस या गटात बसत नाही.

हे असे का, याचे उत्तर आतड्यात आणि मूत्रपिंडात आहे. साधारण २०० मिलिग्रॅम ‘क’ एका वेळी घेतले तर ते जवळजवळ सगळे शोषले जाते आणि रोज तेवढे मिळाले तर रक्तातली पातळी कमाल मर्यादेजवळ पोहोचते. १२५० मिलिग्रॅम घेतले तर निम्म्याहून कमी शोषले जाते, आणि त्यातलेही बहुतेक लघवीवाटे निघून जाते. भरलेल्या माठात ओतलेल्या पाण्यासारखे ते वाहून जाते. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ असते. तेव्हा एका मध्यम पेरूने जे साधते त्यापुढे गोळीला फारसे काम उरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. संसर्गात रक्तातले ‘क’ खरोखरच घटते; मग आजाऱ्याची गरज मोठी नाही का? गरज वाढते हे मान्य; पण ती हजारो मिलिग्रॅमवर जाते हे त्यातून सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या कोविडच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम ‘क’ देऊन पाहिले. लक्षणे लवकर ओसरली नाहीत आणि उपयोग दिसेना म्हणून प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २०२२ मध्ये सेप्सिसच्या अतिदक्षता रुग्णांवर शिरेतून मोठ्या मात्रा देणाऱ्या प्रयोगात तर निकाल उलट आला: मृत्यू किंवा अवयवांचे बंद पडलेले काम सुरूच न होणे, हे ‘क’ दिलेल्या गटात ४४.५ टक्के आणि न दिलेल्या गटात ३८.५ टक्के रुग्णांत घडले. ‘नुकसान तर नाही ना’ या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही यात थोडे आहे. घरगुती पातळीवर दोन ग्रॅमच्या पुढे जुलाब आणि पोटात मुरडा सामान्य आहे, आणि ज्याला ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्याने तर मोठ्या मात्रेपासून दूरच राहावे.

आता खरी तूट पाहू. तापात शरीराची उष्णता एक अंश सेल्सियसने वाढली की ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, आणि त्याच वेळी भूक मरते. मग शरीर स्नायू मोडून प्रथिने वापरते. वयस्कांमध्ये हे फार वेगाने होते: निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसते अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो वजन, बहुतांशी स्नायूंचे, घटले. ताप गेल्यावर जिना चढताना लागणारी धाप अनेकदा याची असते. तापाच्या ऐन दोन दिवसांत लंघन झाले तरी बिघडत नाही, भूक नसताना कोंबण्यात अर्थ नाही. चूक होते ती पुढच्या आठवड्यात, पथ्य म्हणून पेजेवरच राहण्यात. साठ किलोच्या माणसाला या काळात रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने हवीत. तीन वेळची पेज म्हणजे नव्वद ग्रॅम तांदूळ, त्यात प्रथिने जेमतेम सात ग्रॅम. त्याच दिवसात पन्नास ग्रॅम मुगाची डाळ घातलेली खिचडी (बारा), दोन अंडी (बारा), अर्धा लिटर दूध-दही (पंधरा ते सोळा), दोन पोळ्या (सहा-सात) आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे (सात-आठ) आले की पेजेच्या तांदळासकट बेरीज साठपर्यंत जाते. अंडी न खाणाऱ्याने त्या जागी सत्तरेक ग्रॅम पनीर घ्यावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा.

पाण्याच्या बाबतीत सल्ला इतका सर्वमान्य आहे की त्याला मर्यादा असते हेच विसरले जाते. घाम, श्वास आणि जुलाब यांतून गेलेले भरावे, हे खरे. पण श्वसनसंसर्गात शरीर काही वेळा लघवी रोखणारे संप्रेरक जास्त सोडते, आणि अशा वेळी नुसते पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम उतरते. वृद्ध आणि सोडियम घटवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका विशेष असतो. लघवी दर चार-सहा तासांनी, फिकट पिवळी होत असेल तर तूट नाही. जुलाब-उलट्या असतील तर पाण्यापेक्षा ओआरएस: एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर वाढवली की गोडीबरोबर जुलाबही वाढतात, म्हणून त्या जागी बाटलीतली गोड पेये चालत नाहीत. मिठाचे प्रमाण चुकण्याची भीती असेल तर औषधाच्या दुकानातले पाकीट बरे. वृद्ध माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, किंवा आठ तासांत लघवी झाली नाही, तर पेला बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

झोपेचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. २०१५ च्या एका प्रयोगात निरोगी १६४ जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू टाकला; सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना, सातहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. पण हा सर्दी लागण्याचा पुरावा आहे, बरे होण्याचा नाही. म्हणून कोणी विचारेल: ‘क’ला कडक कसोटी आणि झोपेला सूट, हा दुजाभाव नव्हे का? अंशतः आहे. रात्री जागवून आजाऱ्यांचे हाल करणारा प्रयोग कोणी करणार नाही, त्यामुळे थेट पुरावा कमीच राहणार. फरक एवढाच की तापातल्या जाग्रणाने झोपेची तूट साठते हे उघड आहे, ती भरायला गोळी लागत नाही, आणि दुपारच्या झोपेचे नुकसान झालेच तर रात्रीच्या झोपेपुरते असते. त्यामुळे दुपारी तास-दीड तास निजावे, रात्री खोकल्याने झोप मोडत असेल तर उशी उंच करावी. मोठ्यांना आणि वर्षावरील मुलांना झोपण्यापूर्वी चमचाभर मध द्यायला हरकत नाही: मुलांवरच्या काही प्रयोगांत त्याने रात्रीचा खोकला थोडा कमी झाला आहे. वर्षाखालील बाळाला मात्र तो देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो.