जॅकेट तरंगेल, पण आतला माणूस?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. दशक्रियेसाठी जमलेले ते सगळे एकमेकांचे नातलग होते. अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची हद्द हीच नदी आखते, त्यामुळे बातमी दोन्ही काठांवर सारखीच पोचली. पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत, घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले.

सक्ती झाली की जॅकेट अंगावर येते. ते पाण्यात पडल्यावर अंगावर टिकेल का, हे मात्र त्याच्या मापावर ठरते. आणि मापाकडे सहसा कोणी पाहत नाही.

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या धरणावर एक कुटुंब नावेत बसायला आले आहे. वडील ७८ किलोंचे, छाती ४० इंच. आजी ४६ किलोंची, छाती ३२ इंच. सहा वर्षांची मुलगी १९ किलोंची. नावाडी ढिगातून तीन नारिंगी जॅकेटे काढून देतो. तिन्ही एकाच मापाची, लेबलवर छाती ४० ते ४४ इंच. वडिलांना ते बरोबर बसते. आजीच्या अंगावर ते सैल लोंबते. मुलगी तर त्यात गुडघ्यांपर्यंत झाकून जाते आणि सगळ्यांना हसू येते. वरवर पाहता तिघेही सुरक्षित आहेत.

इथे आधी जॅकेट नेमके किती काम करते ते पाहायला हवे. पाण्यात माणसाचे वजन जवळजवळ नाहीसे होते. चरबीची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९, स्नायू आणि हाडे मिळून ती पाण्यापेक्षा जास्त, सुमारे १.१. फुप्फुसात हवा असेल तर दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन शरीर तरंगण्या-बुडण्याच्या सीमारेषेवर येते. अडचण डोक्याची असते. श्वास घ्यायचा तर तोंड पाण्याबाहेर हवे, आणि पाण्याबाहेर आलेल्या डोक्याचा चार-पाच किलोंचा भार पाणी उचलत नाही. तो कोणीतरी उचलायला हवा. म्हणूनच बहुतेक प्रौढांना तोंड वर राखण्यासाठी साधारण तीन ते साडेपाच किलो एवढीच जादा उचल पुरते.

जॅकेटवर ही उचल न्यूटनमध्ये लिहिलेली असते. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. सहलीच्या नावेत मिळणारे ७० न्यूटनचे फोमचे जॅकेट सुमारे सात किलोंनी वर ढकलते. गरज भागून थोडी शिल्लकही राहते. पण वर्धेच्या पाण्यात ही शिल्लक मुंबईपेक्षा कमी असते. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असते, त्यामुळे ६० किलोंच्या माणसाला ते जवळपास दीड किलो जास्त उचलते. अलिबागच्या समुद्रात सहज तरंगणारा माणूस धरणाच्या पाण्यात थोडा खोल बसतो तो यामुळेच.

आता वडिलांचे आणि आजीचे वजन पाहा. फरक ३२ किलोंचा आहे, पण दोघांना लागणाऱ्या उचलीत तेवढा फरक नाही, कारण डोकी साधारण सारखीच असतात. उलट अंगावर चरबी असलेला जड माणूस काटक, स्नायुमय माणसापेक्षा सहज तरंगतो. त्यामुळे ‘वजन जास्त, म्हणून जॅकेट मोठे’ हा हिशेब प्रौढांना लागू पडत नाही. त्यांचे जॅकेट निवडायचे ते छातीच्या घेरावरून, कारण जॅकेट धडाला धरून राहते ते तिथेच. टेप काखेखालून, छातीच्या सर्वांत रुंद भागावरून फिरवायचा आणि जे कपडे घालून नावेत बसायचे आहे त्या कपड्यांवरूनच माप घ्यायचे. साडीचा पदर असो की स्वेटर, जॅकेट सगळ्याच्या वरून येते.

मुलांचे गणित वेगळे असते. त्यांची छाती आणि पोट जवळजवळ एकाच घेराचे असते, खांदे अरुंद असतात आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असते. जॅकेटला अडकून राहायला अशा शरीरावर जागाच नसते. शिवाय वय तेच असूनही बांध्यात खूप फरक पडतो. म्हणून मुलांची मापे वजनावर ठरतात. अमेरिकी तटरक्षक दलाची प्रचलित विभागणी अशी: १४ किलोंपर्यंत तान्ही मुले, १४ ते २३ किलो लहान मुले, २३ ते ४१ किलो मोठी मुले आणि त्यापुढे प्रौढ. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या सीमा १५ आणि ४३ किलो अशा आहेत. आपली सहा वर्षांची मुलगी दोन्हीकडे ‘लहान मूल’ या गटातच बसते. ४६ किलोंची आजी प्रौढ गटात येते, पण तिच्या छातीचे माप घ्यावे लागते.

माप बरोबर आहे की नाही, हे पाण्यात न उतरता कळते. त्यासाठी जी लिफ्ट टेस्ट करतात तिला एक मिनिटही लागत नाही. आधी जॅकेटचे सगळे पट्टे सैल करून ते अंगात घालायचे. चेन लावायची, बकले बसवायची. मग पट्टे खालून वर आवळत यायचे: आधी कमरेचा, मग बाजूचे आणि शेवटी खांद्यांचे. पूर्ण श्वास घेता यावा, पण जॅकेट अंगावर इकडेतिकडे सरकू नये, इतपत घट्ट. यानंतर घालणाऱ्याने दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यायचे. दुसऱ्या माणसाने समोर किंवा मागे उभे राहून जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरायचे आणि हिसका न देता सावकाश वर ओढायचे. जॅकेट हनुवटीच्या खाली थांबले तर माप बरोबर. हनुवटीवर, तोंडावर किंवा कानांपर्यंत आले तर चूक.

हे ओढणे म्हणजे पाण्याचीच नक्कल आहे. ही जादा उचल पाणी माणसाला थेट देत नाही. ते फोमला वर ढकलते, आणि फोम कमरेच्या पट्ट्यातून व काखेतून माणसाला वर ओढतो. खांद्यांपाशी धरून वर ओढणारा हात तेच करतो. ७० न्यूटनच्या जॅकेटसाठी ओढही तेवढीच हवी, म्हणजे सात किलोंचे ओझे उचलताना लागतो तेवढा जोर. चिमटीत धरून नुसते वर केल्याने काही कळत नाही. हात वर करायचे कारणही पाण्यातलेच आहे. घाबरलेला माणूस आधारासाठी हात वर फेकतो, खांदे अरुंद होतात आणि जॅकेट निसटायला वाट मिळते.

वडिलांचे जॅकेट या ओढीत दोन बोटे वर सरकते आणि थांबते. आजीचे थेट कानांपर्यंत येते. यावर पहिला उपाय म्हणजे कमरेचा पट्टा पुन्हा आवळून परत ओढून पाहणे, कारण बऱ्याचदा दोष मापाचा नसून सैल पट्ट्याचा असतो. पट्टा शेवटपर्यंत ओढूनही जॅकेट वर येत असेल, तर ते आजीचे नाही. तिला ३० ते ३४ इंचांच्या आसपासचे हवे. उलट बाजूची चूकही होते. जॅकेट लहान पडून चेन लागत नाही, मग माणूस ती उघडी ठेवूनच बसतो. असे उघडे जॅकेट पाण्यात खांद्यांवरून मागे सरकते आणि फोम छातीसमोरून निघून जातो. फोम छातीपुढे असणे महत्त्वाचे आहे, कारण उचल पुढून मिळाली तरच शरीर मागे रेलते आणि चेहरा आकाशाकडे राहतो. तीच उचल मानेमागून मिळाली, तर तोंड पाण्याकडे झुकते.

मुलीची चाचणी थोडी वेगळी असते. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून जमिनीपासून चार बोटे अलगद उचलायचे. हनुवटी आणि कान जॅकेटच्या गळ्यातून आत घसरले नाहीत, तर माप बरोबर. मोठ्यांच्या जॅकेटमध्ये ती पहिल्याच उचलीत खाली निसटते, हात वर जातात आणि जॅकेट उचलणाऱ्याच्या हातात राहते. पाण्यातही हेच होते, फक्त जास्त वेगाने. सात किलोंची उचल झटक्यात जॅकेट वर आणते आणि १९ किलोंची मुलगी काखेच्या मोठ्या भोकांतून खाली सरकते. म्हणजे जास्त उचल असलेले मोठे जॅकेट मुलाला जास्त सुरक्षित ठेवत नाही, ते जास्त जोराने निसटते. वरून ओढणी किंवा दोरी बांधून हा दोष जात नाही, कारण काखेची भोके तेवढीच राहतात. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा एक पट्टा असतो तो नेमका याचसाठी. तो अडचण वाटतो म्हणून मोकळा सोडला, की जॅकेटला खालून धरणारे काही उरत नाही.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. ती माप सांगते, फोमची तब्येत सांगत नाही. वर्षानुवर्षे उन्हात पडलेले, बसायला उशी म्हणून वापरलेले जॅकेट घट्ट बसेल, पण दबून पातळ झालेला फोम आधीइतकी उचल देणार नाही. अंगठ्याने दाबल्यावर फोम परत फुगत नसेल, कडक होऊन तुटत असेल किंवा कापड आणि शिवण विरली असेल, तर जॅकेट बाद. खरी खात्री छातीइतक्या पाण्यात, किनाऱ्याला धरून होते. पाय उचलून अंग सैल सोडायचे आणि डोके मागे टेकवायचे. तोंड पाण्याच्या वर राहिले पाहिजे. दुसरी मर्यादा जॅकेटच्या प्रकाराची आहे. ५० किंवा ७० न्यूटनचे जॅकेट शुद्धीवर असलेल्या माणसासाठी असते. बेशुद्ध माणसाला उताणे करण्याची अपेक्षा १०० न्यूटन आणि त्यावरच्या, मानेमागे कॉलर असलेल्या जॅकेटांकडूनच ठेवता येते.

धरणावरच्या त्या कुटुंबाकडे परत यायचे, तर आजीसाठी ढिगात लहान माप सापडू शकते. मुलीसाठी १४ ते २३ किलो असे लिहिलेले जॅकेट नसेल, तर तिने त्या फेरीत नावेत बसू नये. नाव चालवणाऱ्यांसाठी यातून दोन कामे निघतात. जॅकेटे मापाप्रमाणे वेगळ्या खुंट्यांवर टांगायची, आणि प्रत्येक जॅकेट देणाऱ्यानेच ते खांद्यांना धरून एकदा वर ओढून पाहायचे, प्रवासी काठावर उभा असतानाच.