दोन हात, एक कॅलिपर : मापनातील फरक कसा मोजतात

एकाच माणसाच्या दंडामागची त्वचेची घडी दोन प्रशिक्षित व्यक्तींनी पाठोपाठ मोजली, तरी दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. एकाला १५.२ मिलिमीटर मिळतात, दुसऱ्याला १६.६. हा फरक शरीरातला नसून मोजणीतला असतो. तो किती आहे हे एका आकड्यात सांगण्याच्या रीतीला ‘टेक्निकल एरर ऑफ मेजरमेंट’, थोडक्यात टीईएम, म्हणतात. स्वीडिश आनुवंशशास्त्रज्ञ गुन्नार डाल्बर्ग यांनी १९४० च्या आपल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात तिचे सूत्र दिले. दंतवैद्यकात ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्वचेची घडी, म्हणजे स्किनफोल्ड, मोजताना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्वचा आणि तिच्याखालची चरबी उचलतात. स्नायू त्यात येऊ द्यायचा नसतो. चिमटीपासून एक सेंटिमीटर अंतरावर कॅलिपरचे जबडे लावतात. चांगल्या कॅलिपरचा दाब दर चौरस मिलिमीटरला सुमारे १० ग्रॅम असा कायम राहतो आणि आकडा जबडे सोडल्यावर दोन सेकंदांनी वाचतात. वेळेचा हा नियम महत्त्वाचा आहे. दाबाखाली चरबी हळूहळू चेपत जाते, त्यामुळे घाईने वाचलेला आकडा मोठा येतो आणि उशिरा वाचलेला लहान.

दोन निरीक्षकांची चाचणी घेताना किमान दहा, शक्यतो वीस माणसे घ्यावीत. त्यांच्यात सडपातळ आणि स्थूल दोन्ही असावेत. प्रत्येक निरीक्षकाने मापाची जागा स्वतः शोधून खूण करावी आणि पहिल्याची खूण पुसून मगच दुसऱ्याने मोजावे. लेखनिक तिसरा असावा, कारण आधीचा आकडा कानावर पडला की पुढचा हात नकळत त्याच्याकडे झुकतो. एका व्यक्तीची तीच घडी लगेच पुन्हा चिमटीत धरू नये. आधी सगळ्या जागांची एक फेरी पूर्ण करावी, म्हणजे चेपलेल्या चरबीला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो.

आता हिशेब पाहू. समजा, अ आणि ब या निरीक्षकांनी दहा जणांच्या दंडामागची घडी मोजली. ब च्या आकड्यातून अ चा आकडा वजा केला तेव्हा पुढचे फरक मिळाले (मिलिमीटरमध्ये): ०.६, ०.८, उणे ०.२, ०.८, १.४, १.६, ०.४, २.२, १.०, १.४. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज घेतली की १४.१६ येते. तिला माणसांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे २० ने, भागायचे आणि वर्गमूळ काढायचे.

TEM = √(Σd² / 2n)

उत्तर येते ०.८४ मिलिमीटर. भाजक दुप्पट असतो, कारण प्रत्येक फरकात दोघांचीही चूक मिसळलेली असते आणि टीईएमला एका मापाची चूक सांगायची असते. हे २ विसरले की त्रुटी उगाच सुमारे ४१ टक्क्यांनी फुगते. फरकांची साधी सरासरी घेणे हीसुद्धा चूकच, कारण अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात.

वीसही मापांची सरासरी १४.३ मिलिमीटर आहे. टीईएमला तिने भागून शंभराने गुणले की सापेक्ष टीईएम ५.९ टक्के मिळतो. टक्केवारी लागते, कारण घडी जाड असली की फरकही वाढतो. या उदाहरणातला सर्वांत मोठा, २.२ मिलिमीटरचा फरक सर्वांत जाड घडीतच आहे. दोन निरीक्षकांमधील त्रुटीसाठी क्रीडा-मानवमापनात रूढ असलेली मर्यादा स्किनफोल्डला नवशिक्यांसाठी १० टक्के आणि अनुभवींसाठी ७.५ टक्के आहे. त्या हिशेबाने हे दोघे उत्तीर्ण ठरतात.

बहुतेक अहवाल इथेच थांबतात, आणि तिथेच खरी गोष्ट हातून निसटते. वरच्या दहा फरकांपैकी नऊ अधिक चिन्हाचे आहेत. त्यांची सरासरी १ मिलिमीटर, म्हणजे ब जवळजवळ नेहमीच जास्त मोजतो. हा हाताचा योगायोगाने होणारा थरथराट नाही, ही त्याची सवय आहे. हा एक मिलिमीटर प्रत्येक फरकातून काढून पुन्हा हिशेब केला, तर वर्गांची बेरीज १४.१६ वरून ४.१६ वर येते आणि टीईएम ०.४६ मिलिमीटर उरतो, म्हणजे ३.२ टक्के. एकूण वर्गबेरजेतला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या सवयीचा निघाला. टीईएममध्ये सवय आणि योगायोग एकत्र मोजले जातात, वेगळे दाखवले जात नाहीत. म्हणून त्याच्याबरोबर सरासरी फरक आणि त्याचे चिन्ह लिहिल्याशिवाय अहवाल पूर्ण मानू नये.

सवयीचे मूळ शोधण्यासाठी एकेक घटक बदलून पाहावा लागतो. एकाने केलेली खूण दोघांनी वापरली आणि फरक गेला, तर दोष जागा ठरवण्यात होता. दंडामागची घडी खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांवरील खुणांच्या मधोमध घेतात. ती जागा थोडी वरखाली सरकली तरी आकडा बदलतो. खूण एकच असूनही फरक राहिला, तर कॅलिपर अदलाबदल करावा. फरक उपकरणाबरोबर गेला तर त्याच्या स्प्रिंगचा दाब तपासायला हवा. माणसाबरोबरच राहिला, तर चिमटीची पकड आणि आकडा वाचण्याची घाई उरते. दोन सेकंद तिसऱ्याने मोठ्याने मोजले, तर घाईचा दोष लगेच उघड होतो.

घेराची मापे याहून स्थिर असतात. त्यांची मर्यादा नवशिक्यांसाठी २ टक्के आणि अनुभवींसाठी १.५ टक्के आहे. तिथे फरक येतो तो मोजपट्टी तिरकी झाल्याने, त्वचेत रुतल्याने किंवा कंबर मोजताना श्वास सोडण्याआधीच वाचल्याने. याहून मोठा गोंधळ व्याख्येचा असतो. एक निरीक्षक कंबरेच्या सर्वांत अरुंद जागी मोजतो आणि दुसरा शेवटची बरगडी व नितंबाचे हाड यांच्या मध्यावर. अशा वेळी दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि कितीही सराव केला तरी आकडे जुळत नाहीत. टक्केवारीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. कंबर ८० सेंटिमीटर असेल, तर १.५ टक्के म्हणजे १.२ सेंटिमीटर होतात आणि आहाराच्या एखाद्या प्रयोगात तेवढाच बदल अपेक्षित असू शकतो.

काही अभ्यासांत टीईएमची वाट न पाहता प्रत्यक्ष मोजणीच्या वेळीच फरकाची सीमा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने बालवाढीच्या मानकांसाठी सहा देशांत केलेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीही होती, दोन निरीक्षक स्वतंत्रपणे मोजत. दंडामागच्या घडीत २ मिलिमीटरहून किंवा दंडाच्या घेरात ५ मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर दोघांनाही पुन्हा मोजावे लागे.

टीईएमचा रोजचा उपयोग बदल खरा आहे की मापाचा, हे ठरवण्यासाठी होतो. दोन वेळच्या मापांतला बदल ९५ टक्के खात्रीने खरा म्हणायचा, तर तो टीईएमच्या सुमारे २.८ पट असावा लागतो. वरच्या उदाहरणात हा आकडा २.३ मिलिमीटर होतो. एखाद्या खेळाडूची घडी जूनमध्ये ब ने आणि ऑक्टोबरमध्ये अ ने मोजली आणि ती दोन मिलिमीटरने कमी दिसली, तर चरबी घटली असे म्हणता येत नाही. कारण ब ची जास्त मोजण्याची सवयच त्यातला एक मिलिमीटर खाऊन टाकते. तेच माप दोन्ही वेळा अ ने घेतले, आणि स्वतःच्याच दोन फेऱ्यांतून निघालेला अ चा टीईएम ०.४ मिलिमीटर असेल, तर १.१ मिलिमीटरच्या पुढचा बदल मान्य करता येतो आणि दोन मिलिमीटरची घट खरी ठरते.