सरासरीतून निसटलेली नोंद: पारोळ्याच्या पावसाचे उदाहरण

यादीतील एक संख्या ठाऊक नसेल, पण सरासरी आणि बाकीच्या सर्व संख्या ठाऊक असतील, तर ती संख्या नेमकी काढता येते. सरासरीला एकूण नोंदींच्या संख्येने गुणले की यादीची बेरीज मिळते आणि तीतून माहीत असलेल्या नोंदींची बेरीज वजा केली की उरते ती निसटलेली नोंद. रीत एवढीच असली तरी तिच्याभोवती काही गैरसमज आहेत. पावसाच्या नोंदींत तर त्यांची झळ थेट शेतकऱ्याला बसू शकते. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात आणि पीकनुकसानीच्या मदतीसाठी हा निकष पाहिला जातो.

पारोळा तालुक्यातील पाच ठिकाणांचे उदाहरण घेऊ; आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एका दिवशी पारोळा येथे ४२.५, तामसवाडीला ३१.०, शेळाव्याला ०.० आणि चोरवडला ६८.२ मिमी पाऊस झाला. बहादरपूरचा आकडा पुसट झाला आहे. पाचही ठिकाणांची सरासरी ४१.४ मिमी आहे. ४१.४ गुणिले ५ म्हणजे २०७.०. चार नोंदींची बेरीज १४१.७. म्हणून बहादरपूरचा पाऊस ६५.३ मिमी.

पहिला गैरसमज असा की निसटलेली नोंद सरासरीच्या आसपासच असणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. सरासरीपासून सर्व नोंदींच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. येथे पारोळा सरासरीपेक्षा १.१ ने वर, तामसवाडी १०.४ ने खाली, शेळावे ४१.४ ने खाली आणि चोरवड २६.८ ने वर आहे. चौघांचे मिळून २३.९ कमी पडतात. ते सगळे एकट्या बहादरपूरला भरून काढावे लागतात, म्हणून तेथे ४१.४ अधिक २३.९, म्हणजे पुन्हा ६५.३ येतात. हाच हिशेब ताळा म्हणूनही चालतो.

शून्य म्हणजे नोंद नाही, ही समजूत त्याहून महागात पडते. शेळाव्याला पाऊस पडला नाही, हे पर्जन्यमापक पाहून लिहिलेले आहे. बेरजेत त्या शून्याने काही वाढत नाही, पण भाजकात तो मोजला जातो. ते ठिकाण वगळून ४१.४ ला चारने गुणले तर १६५.६ येतात आणि बहादरपूरला अवघे २३.९ मिमी उरतात. चूक नेमकी एका सरासरीएवढी, ४१.४ ची झाली. तक्त्यातील ‘०.०’ आणि ‘–’ या दोन खुणा म्हणूनच वेगळ्या वाचायच्या असतात.

याच्या उलटही घडते. सरासरी काढणाऱ्याने मुळात बहादरपूर वगळले असेल, तर छापलेली सरासरी १४१.७ भागिले ४, म्हणजे ३५.४ असेल. तिला पाचने गुणून वजाबाकी केली तर ३५.३ येते. उत्तर जवळजवळ सरासरीच निघाले, की सरासरी निसटलेल्या नोंदीशिवायच काढली असल्याची दाट शंका घ्यावी. तसे असेल तर त्या सरासरीत बहादरपूरची काहीच माहिती नसते आणि कोणतीही रीत ती बाहेर काढू शकत नाही.

सर्वांत कमी लक्ष जाते ते गोलीकरणाकडे. सरासरी थोडी कमीजास्त करून छापली तरी उत्तरात तेवढाच फरक पडेल, असे वाटते. प्रत्यक्षात तो फरक नोंदींच्या संख्येइतक्या पट होतो. ४१.४ ऐवजी तक्त्यात नुसते ४१ असेल, तर बेरीज २०५ होते आणि बहादरपूरचा पाऊस ६३.३ निघतो, म्हणजे ६५ च्या आत. मात्र ४१ या आकड्यामागे खरी सरासरी ४०.५ ते ४१.५ यांमधली कोणतीही असू शकते. त्यामुळे बेरीज २०२.५ ते २०७.५ आणि उत्तर ६०.८ ते ६५.८ या पट्ट्यात कोठेही असेल. ६५ ची रेषा या पट्ट्यातूनच जाते. अशा वेळी ‘६३.३ मिमी, अतिवृष्टी नाही’ असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. सरासरी एका दशांशापर्यंत, ४१.४ अशी असेल, तर पट्टा ६५.०५ ते ६५.५५ एवढा अरुंद होतो आणि संपूर्ण रेषेच्या वर राहतो. शंभर नोंदींच्या यादीत दशांशाचे असेच गोलीकरण उत्तर पाच मिमीने इकडेतिकडे हलवू शकते.

उत्तर ऋण आले तर पावसाच्या बाबतीत ते अशक्यच. एखादी नोंद चुकलेली आहे, नोंदींची संख्या चुकली आहे किंवा सरासरी दुसऱ्याच यादीची आहे. उत्तर धन आले म्हणून मात्र सर्व बरोबर, असे ठरत नाही. चोरवडचे ६८.२ चुकून ५८.२ लिहिले गेले, तर बहादरपूरला गुपचूप १०.० मिमी वाढतात आणि ७५.३ हा आकडा पूर्ण विश्वासार्ह दिसतो. दोन नोंदी निसटल्या असतील, तर फक्त त्यांची एकत्रित बेरीज मिळते. ती दोघांत कशी वाटली गेली, हे सरासरी सांगत नाही.

ही रीत साध्या सरासरीलाच लागू पडते. प्रत्येक ठिकाणाला त्याच्या क्षेत्रफळानुसार वजन देऊन सरासरी काढली असेल, तर माहीत असलेली प्रत्येक नोंद आधी तिच्या वजनाने गुणावी, त्या गुणाकारांची बेरीज सरासरी गुणिले एकूण वजन यातून वजा करावी आणि उरलेल्याला निसटलेल्या ठिकाणाच्या वजनाने भागावे.