मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा!

गाडी घ्यायची ठरली की घरात प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. ह्यांना मायलेज हवं, मुलांना मोठा स्क्रीन, सासूबाईंना चढायला-उतरायला सोपी हवी. पण एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये जिवाच्या दृष्टीने फरक काय, हे कुणी विचारतच नाही. शोरूमवालाही आपणहून सांगत नाही.

माझ्या भाचीचंच बघा ना. तिला दीड वर्षाची मुलगी. बजेट सेकंडहँड गाडीचं. दोन बलेनो तिच्यासमोर होत्या, दोन्ही २०२४ च्या. एक डेल्टा, म्हणजे खालून दुसरं मॉडेल; दुसरी झेटा, त्याच्या वरचं. झेटासाठी विक्रेता पाऊण लाख जास्त मागत होता. "मावशी, हे पैसे कशाचे गं?" तिने विचारलं.

इतर सोयी सोडल्या, तर मुख्य उत्तर एअरबॅगचं होतं. डेल्टात दोन एअरबॅग, झेटात सहा. समोरच्या दोन तर २०२१ च्या अखेरीपासून सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीच्या आहेत. एक स्टिअरिंगमध्ये, दुसरी डॅशबोर्डमध्ये. त्या समोरून धडक बसली तर पुढच्या दोघांना वाचवतात. जास्तीच्या चारांपैकी दोन पुढच्या सीटच्या कडेला असतात आणि दोन छताच्या कडेने, खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या. बाजूने ट्रकने ठोकलं तर मागे बसलेल्यांच्या डोक्याला आधार फक्त या पडद्यांचा. (जुलै २०२५ पासून नव्या बलेनोच्या सगळ्या मॉडेल्सना सहा एअरबॅग मिळू लागल्या. सेकंडहँड बाजारात मात्र दोनवाल्या पुष्कळ आहेत.)

गंमत म्हणजे, भारत एनकॅपच्या चाचणीत दोनवाल्या आणि सहावाल्या, दोन्ही बलेनोंना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चारच स्टार मिळाले. म्हणून नुसते स्टार विचारू नका, एअरबॅग मोजा. त्यासाठी पुस्तक वाचायला नको. जिथे एअरबॅग असते तिथे इंग्रजीत 'एअरबॅग' अशी अक्षरं असतात. स्टिअरिंग, डॅशबोर्ड, पुढच्या सीटची दाराकडची बाजू आणि दारांमधल्या खांबाचं वरचं टोक बघा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर अपघातात एअरबॅग उघडून गेली असेल आणि नवी बसवलीच नसेल, अशी शंका घ्या.

दुसरी गोष्ट ईएसपी. ओल्या घाटात वळणावर गाडी घसरायला लागली, की ही यंत्रणा एकेका चाकाला आपोआप वेगळा ब्रेक लावून गाडी रस्त्यावर ठेवायला मदत करते. एबीएस म्हणजे हे नव्हे. तो जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ देत नाही, एवढंच. किल्ली फिरवल्यावर गाडीमागे नागमोडी रेघा असलेला छोटा पिवळा दिवा लागून विझला, की ईएसपी आहे. भाचीच्या दोन्ही गाड्यांत तो लागला.

तिसरी गोष्ट अगदी आपली, बायकांची. मागच्या सीटची गादी आणि पाठ यांच्यामधल्या फटीत हात घाला. खिडकीकडच्या जागेवर बोटांना दोन जाड लोखंडी कड्या लागतात, वीतभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावर. याच आयसोफिक्सच्या कड्या. बाळाची सीट त्यांत खटकन अडकते. शिवाय सीटच्या पाठीमागे वरचा पट्टा अडकवायला एक हूक असतो. तो नसेल तर धडकेत बाळाची सीट पुढे झुकते. या कड्या दोन्ही गाड्यांत होत्या.

म्हणजे फरक उरला तो चार एअरबॅगचा. झेटा घेतली असती तर बाळाच्या सीटला पैसे उरत नव्हते. मी तिला सरळ सांगितलं, "डेल्टा घे आणि बाळाची सीट आधी घे." मांडीवरचं मूल धडकेत कुणाच्याच हातात राहत नाही, आणि एअरबॅग कितीही असल्या तरी त्या मोकळ्या मुलाला धरून ठेवत नाहीत. बाजूच्या धडकेत डेल्टा कमी पडणार, हे तिलाही समजावलं. पैसे असते तर मी झेटाच म्हटलं असतं.

सीट बसवताना दुकानदाराला कड्यांशी हलवून दाखवायला लावलं. तिथे ती इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाचं तोंड मागे ठेवायचं असेल, तर अशी सीट पुढे, एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही; एअरबॅग उघडली की तिचा दणका थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो.

आणि झेटा घेणाऱ्यांनो, सीटकव्हर! बाजारातलं जाड कव्हर पुढच्या सीटची बाजू शिवून बंद करतं आणि आतली एअरबॅग अडकते. तिथे फाटणारी खास शिवण असलेलं कव्हर मागा, नाहीतर कव्हरच घालू नका. सीट मळली तर पुसता येते.