नॅनोमीटरचा आकडा आणि फोनची धग

मोबाइल फोनच्या जाहिरातीत चिपसेटच्या नावापुढे '४ नॅनोमीटर' किंवा '६ नॅनोमीटर' असा आकडा ठळकपणे छापलेला असतो, आणि त्यावरून दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकापासून फोनची परीक्षणे लिहिणाऱ्यांपर्यंत बहुतेक जण दोन निष्कर्ष काढतात: आकडा जितका लहान तितकी बॅटरी अधिक टिकणार आणि तितकाच फोन कमी तापणार. या समजुती निव्वळ खोट्या नाहीत, त्यांच्या मुळाशी तथ्य आहे. मात्र ते तथ्य ज्या अटींवर उभे आहे त्या अटी गळून पडल्या आहेत आणि हाती फक्त आकडा उरला आहे.

पहिला गैरसमज असा, की हा आकडा चिपवरील एखाद्या भागाचे मोजलेले माप आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर भरते. चिप ही अब्जावधी ट्रान्झिस्टरांची, म्हणजे वीज सोडणाऱ्या आणि अडवणाऱ्या सूक्ष्म बटणांची बनलेली असते, आणि प्रत्येक बटणावर 'गेट' नावाचा एक भाग असतो, जो वीज जाऊ द्यायची की नाही हे ठरवतो. एके काळी प्रक्रियेचा आकडा आणि या गेटची लांबी यांचा बऱ्यापैकी मेळ होता. तो मेळ कधीच सुटला. आज ज्या प्रक्रियेला '५ नॅनोमीटर' म्हणतात, तिच्यात शेजारशेजारच्या दोन गेटांमधले अंतर ५० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि सर्वांत बारीक तारासुद्धा एकमेकींपासून सुमारे ३० नॅनोमीटरवर असतात. म्हणजे हा आकडा लांबी सांगत नाही, पिढी सांगतो, आणि पिढीचे नाव ज्याचे त्याने ठेवायचे असते. इंटेलने जुलै २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटर प्रक्रियेच्या सुधारित आवृत्तीचे नाव बदलून 'इंटेल ७' केले. त्या दिवशी चिपवरची एकही तार बारीक झाली नव्हती, बदलली होती ती फक्त पाटी. तेव्हा एका कारखान्याचा ४ आणि दुसऱ्या कारखान्याचा ४ हे एकच माप नव्हे, हे आधी मनात पक्के बसले पाहिजे.

याचा पुरावा हवा असेल तर एकच आराखडा दोन कारखान्यांत तयार झाल्याची उदाहरणे पाहावीत, कारण तिथे बाकीच्या गोष्टी जवळजवळ सारख्या राहतात आणि फरक पडतो तो प्रक्रियेचाच. क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही चिप २०२१ च्या अखेरीस आली आणि ती सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनत होती. अवघ्या सहा महिन्यांत, मे २०२२ मध्ये, त्याच कंपनीने स्नॅपड्रॅगन ८ प्लस जेन १ जाहीर केली. तिच्यातील गणनकेंद्रे, म्हणजे ज्यांना 'कोअर' म्हणतात ते विभाग, त्याच जातीचे होते. मात्र ती तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनत होती. दोन्ही चिपांच्या माहितीपत्रकावर आकडा एकच, ४. तरीही तेच काम त्याच गतीने करताना नव्या चिपचे मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा विभाग सुमारे ३० टक्के कमी वीज घेतात, असे खुद्द क्वालकॉमनेच जाहीर केले, आणि शिवाय सर्वांत मोठ्या कोअरची गती ३.० वरून ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत वाढवली. आकडा तसूभरही न बदलता इतका फरक पडतो, ही एकच गोष्ट आकड्यावरून फोन निवडणाऱ्याला थांबून विचार करायला पुरेशी आहे. उलट बाजूचे उदाहरण २०१५ मधले आहे. ॲपलची ए९ ही चिप सॅमसंगकडे १४ नॅनोमीटरवर आणि टीएसएमसीकडे १६ नॅनोमीटरवर अशी दोन्हीकडे बनत होती. त्या वेळी १४ वाला फोन मिळावा म्हणून ग्राहकांनी धडपडावे असा आकड्याचा हिशेब होता, पण प्रत्यक्ष वापरात दोन्ही फोनांच्या बॅटरीत २ ते ३ टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही, असे ॲपलने सांगितले.

मग प्रक्रिया सुधारल्याने वीज वाचते ती कशी? ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना दर वेळी थोडा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो. त्यासाठी लागणारी वीज ही किती भार भरायचा, सेकंदाला किती वेळा भरायचा आणि किती व्होल्टेजवर भरायचा, या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी व्होल्टेजचे वजन सर्वांत मोठे, कारण वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १ वरून ०.८ वर आणता आले तर वीज ८० टक्क्यांवर येऊन थांबत नाही, ती ६४ टक्क्यांवर उतरते. नवी प्रक्रिया चांगली ठरते ती मुख्यतः यामुळे, की तिच्यातील ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजवरही तितक्याच चपळाईने काम करतात. दुसरा खर्च गळतीचा असतो. बंद केलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज झिरपत राहते, आणि भाग लहान होत गेले तसा गेटचा तिच्यावरचा ताबा सैल होत गेला. म्हणून निव्वळ आकार घटवणे एका टप्प्यानंतर उलटू शकते. २०१५ ची स्नॅपड्रॅगन ८१० ही २० नॅनोमीटरची चिप आधीच्या २८ नॅनोमीटरच्या स्नॅपड्रॅगन ८०१ पेक्षा आकड्याने पुढे होती, पण तिच्या तापण्याचीच चर्चा अधिक झाली: एकीकडे विजेची भूक मोठी असलेले नवे कोअर आणि दुसरीकडे जुन्या सपाट घडणीचे ट्रान्झिस्टर, असे ते जुळले होते. पुढच्या पिढीत, १४ नॅनोमीटरवर, वीज वाहण्याचा मार्ग पातळ भिंतीसारखा उभा करून गेटने त्याला तीन बाजूंनी कवेत घेतले. या रचनेला 'फिनफेट' म्हणतात, आणि तिथे सुधारणा आकारापेक्षा घडणीने केली होती.

आता सर्वांत महाग पडणाऱ्या गैरसमजाकडे वळता येईल. कारखाने आपल्या नव्या प्रक्रियेचे वर्णन करताना एक वाक्य ठरावीक पद्धतीने लिहितात. टीएसएमसीने आपली ५ नॅनोमीटर प्रक्रिया ७ नॅनोमीटरच्या तुलनेत कशी आहे हे सांगताना म्हटले होते, की तेवढ्याच विजेत सुमारे १५ टक्के अधिक गती किंवा तेवढ्याच गतीत सुमारे ३० टक्के कमी वीज. या वाक्यातला 'किंवा' हाच खरा मजकूर आहे आणि जाहिरातीपर्यंत पोचताना नेमका तोच गळतो. प्रक्रिया जी बचत देते ती चिपचा आराखडा करणाऱ्याच्या हाती पडते, आणि ती बॅटरीसाठी राखायची की गती वाढवण्यात खर्च करायची हे तो ठरवतो. गती २० टक्क्यांनी वाढवायची आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी चढवायचे असे ठरले, तर वर सांगितलेल्या हिशेबाने वीज १.२ गुणिले १.१ चा वर्ग, म्हणजे जवळपास ४५ टक्क्यांनी वाढते. अशा वेळी ३० टक्क्यांची बचत आधीच संपलेली असते. फोनच्या बाजारात गतीचे गुण छापले जातात आणि बॅटरीचे तास सहसा मागे राहतात, त्यामुळे हा तोल बहुधा गतीकडे झुकतो.

बचत पूर्ण राखली, तरी ती बॅटरीच्या तासांत जशीच्या तशी उतरत नाही, कारण फोनमधली सगळी वीज चिपसेट खात नाही. पडदा, रेडिओ लहरींसाठीचे स्वतंत्र भाग, ध्वनिक्षेपक आणि कॅमेऱ्याचे संवेदक यांना चिपसेटच्या प्रक्रियेशी काही देणेघेणे नसते. समजण्यापुरता एक हिशेब मांडता येईल. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा असते. व्हिडिओ पाहताना फोन एकूण २ वॉट घेतो आणि त्यातले ०.६ वॉट चिपसेटचे आहेत असे धरले, तर चिपसेटची ३० टक्के बचत म्हणजे ०.१८ वॉट; बॅटरी साडेनऊ तासांऐवजी सुमारे साडेदहा तास चालेल. ३० टक्क्यांचे हातात १० टक्के पडले. तोच फोन जड खेळात ६ वॉट घेत असेल आणि त्यातले ४ वॉट चिपसेटचे असतील, तर खर्च ४.८ वॉटवर येतो आणि ३ तास १० मिनिटांचे सुमारे ४ तास होतात. म्हणजे प्रक्रियेचा लाभ सर्वांना सारखा नसतो: दिवसभर पडदा झळाळता ठेवून व्हिडिओ पाहणाऱ्याला तो थोडा, आणि खेळणाऱ्याला किंवा तासन्‌तास चित्रीकरण करणाऱ्याला बराच जास्त मिळतो.

उष्णतेचा हिशेब याच विजेतून निघतो, कारण चिपने घेतलेली जवळजवळ प्रत्येक वॉट वीज शेवटी उष्णताच होते. इथे एक बारकावा बहुधा सुटतो. लहान प्रक्रियेत तेच ट्रान्झिस्टर कमी जागेत बसतात; वीज तितक्याच प्रमाणात घटली नाही तर दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता उलट वाढते आणि तिला बाहेर पडायला वाट अरुंद होते. फोनमध्ये पंखा नसल्याने ती उष्णता काचेतून आणि पाठीमागच्या आवरणातूनच जायची, आणि हातात धरवेल इतके आवरण ठेवायचे तर फोनला सलग काही वॉटच सोडता येतात. आतले वाफेचे चपटे पात्र उष्णता सर्वत्र पसरवते, ती नाहीशी करत नाही. मर्यादा गाठली की चिप आपली गती स्वतःहून उतरवते. म्हणून पहिल्या मिनिटातल्या चाचणीचे गुण प्रक्रियेबद्दल फारसे सांगत नाहीत. तीच चाचणी वीस मिनिटे सलग चालवून शेवटच्या फेरीत किती गती उरली, आणि त्या वेळी पाठ किती तापली, हे पाहिले तर कारखान्याच्या कामगिरीचा आणि आराखडा करणाऱ्याच्या निवडीचा दोन्हींचा अंदाज येतो.

वऱ्हाड-विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात हे आणखी उघडपणे दिसते. फोनमधून बाहेर जाणारी उष्णता आवरण आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. आवरण ४३ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक १८ अंशांचा, पण बाहेर ४० अंश असताना तो फक्त ३ अंशांचा राहतो आणि पारा ४३ वर गेला की शून्यावर येतो. त्या दुपारी सावलीतही कोणत्याही आकड्याची चिप आपली गती टिकवू शकत नाही. फोन पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, आणि ३ नॅनोमीटर व ६ नॅनोमीटर यांच्यातला फरक इतकाच उरतो, की कमी वीज घेणारी चिप तिथवर थोडी उशिरा पोचते.