वर्गमुळातून निघालेला कण

सापेक्षतावादात ऊर्जेचं सूत्र वर्गात येतं: E² = p²c² + m²c⁴. क्वांटम सिद्धांताला मात्र ऊर्जा एकाच घातात हवी असते. म्हणून १९२८ मध्ये केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी वर्गमूळ αpc + βmc² असं सरळ लिहून पाहिलं. त्याचा वर्ग केला की αβ + βα हे नको असलेलं पद उरतं. ते शून्य करणं साध्या संख्यांना जमत नाही, मॅट्रिक्सना जमतं. कारण गुणाकाराचा क्रम उलटला की त्यांचं चिन्ह बदलू शकतं. तीन दिशा आणि वस्तुमान धरून अशा चार मॅट्रिक्स लागतात, किमान ४×४ आकाराच्या.

म्हणजे इलेक्ट्रॉनचं वर्णनही चार घटकांचं झालं! धन ऊर्जेच्या दोन अवस्था म्हणजे स्पिन, जो तोवर वरून जोडावा लागे. उरलेल्या दोन ऋण ऊर्जेच्या. त्या वगळता येईनात. डिरॅक यांनी आधी त्यांत प्रोटॉन पाहिला, पण वस्तुमान जुळेना. १९३१ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, धन भाराचा नवा कण मांडला.

१९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना क्लाउड चेंबरमध्ये शिशाचा पत्रा भेदून गेलेली रेषा दिसली. पत्र्याच्या एका बाजूला ती जास्त वळली होती, म्हणजे कण तिथे मंदावला होता. त्यावरून दिशा कळली, आणि दिशेवरून भार धन ठरला.