उरलेल्या त्रुटीवरून ओळखावा वेग

२ या संख्येचे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात नेमके मांडता येत नाही, हे शालेय गणितात सर्वांनी शिकलेले असते. अशा संख्येची किंमत काढावयाची, तर एक अंदाज घ्यावा, त्यावर ठरावीक क्रिया करून अधिक चांगला अंदाज मिळवावा आणि त्या नव्या अंदाजावर तीच क्रिया पुन्हा करावी, असा मार्ग अवलंबावा लागतो. या पद्धतीला पुनरावृत्ती म्हणतात. अंदाज खऱ्या किमतीकडे सरकत जातात, ते अभिसरण. आणि अंदाज व खरी किंमत यांमधील फरक, ती त्रुटी. येथे त्रुटी म्हणजे कोणाचा दोष नव्हे. अजून कापावयाचे राहिलेले अंतर, एवढाच तिचा अर्थ.

दोन पद्धती एकाच किमतीला पोहोचत असल्या, तरी त्यांचा वेग सारखा असेलच असे नाही. मात्र हा वेग एखाद्या अंदाजाकडे पाहून कळत नाही. प्रत्येक त्रुटीची तिच्या आधीच्या त्रुटीशी तुलना केली, तरच तो कळतो. ही तुलना कशी करावी, हे √२ च्याच दोन प्राचीन पद्धतींवरून पाहू. वाचकांनी वही व साधा कॅल्क्युलेटर जवळ घेतल्यास पुढील प्रत्येक आकडा स्वतः पडताळता येईल. √२ ची खरी किंमत दहा दशांश स्थळांपर्यंत १.४१४२१३५६२३ अशी आहे.

थिऑनची शिडी

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक स्मिर्नाचा थिऑन याने चौरसाची बाजू आणि कर्ण यांविषयी एक नियम दिला आहे. बाजू १ व कर्ण १ यांपासून आरंभ करावा. जुनी बाजू व जुना कर्ण यांची बेरीज म्हणजे नवी बाजू. जुन्या बाजूची दुप्पट अधिक जुना कर्ण म्हणजे नवा कर्ण. कर्णाला बाजूने भागले की √२ चा अंदाज मिळतो. त्यामुळे १/१, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०, २३९/१६९, ५७७/४०८ असे अपूर्णांक एकामागून एक येतात. आजच्या बीजगणिताच्या भाषेत नियम असा: अंदाज क्ष असेल, तर पुढचा अंदाज १ + १/(१ + क्ष).

आता त्रुटी मांडू. अंदाज आळीपाळीने कमी व जास्त येतात. म्हणून चिन्ह सोडून केवळ आकार पाहू.

| अंदाज | त्रुटी | आधीच्या त्रुटीशी गुणोत्तर |
|---|---|---|
| १/१ | ०.४१४२१ | – |
| ३/२ | ०.०८५७९ | ०.२०७ |
| ७/५ | ०.०१४२१ | ०.१६६ |
| १७/१२ | ०.००२४५३ | ०.१७३ |
| ४१/२९ | ०.०००४२०५ | ०.१७१ |
| ९९/७० | ०.००००७२१५ | ०.१७२ |

तिसऱ्या स्तंभातील गुणोत्तर थोडेसे हेलकावे घेऊन ०.१७१६ च्या आसपास स्थिरावते. म्हणजे प्रत्येक पायरीला त्रुटी सुमारे ५.८३ पटींनी घटते. पाचवी पायरी असो की पन्नासावी, हा भाजक जवळजवळ तोच राहतो. यालाच रेषीय अभिसरण म्हणतात. याचे कारण बीजगणितात सरळ दिसते: नवी त्रुटी ही जुन्या त्रुटीला (१ + क्ष)(१ + √२) ने भागून येते. क्ष हा √२ च्या जवळ गेला की हा भाजक २.४१४ च्या वर्गाएवढा, म्हणजे सुमारे ५.८३ होतो. चार पायऱ्यांत त्रुटी साडेअकराशे पटींहून थोडी अधिक घटते; म्हणजे दर चार पायऱ्यांना सुमारे तीन नवे अंक बरोबर येतात. मिळकत ठरलेली असते. ती वाढत नाही आणि घटतही नाही.

हेरॉनचा नियम

दुसरी पद्धत पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने ‘मेट्रिका’ या ग्रंथात दिली आहे. त्याचे उदाहरण ७२० च्या वर्गमुळाचे आहे. जवळचा पूर्ण वर्ग ७२९. त्याचे मूळ २७. ७२० ला २७ ने भागले की २६ २/३ येतात. २७ व २६ २/३ यांची बेरीज करून अर्धी केली की २६ ५/६. याचा वर्ग ७२० १/३६ होतो. फरक याहूनही कमी हवा असेल, तर ७२९ च्या जागी ७२० १/३६ घेऊन तीच क्रिया करावी, असे हेरॉन सांगतो. पुनरावृत्तीची कल्पना येथे अगदी स्पष्ट आहे.

हा नियम √२ ला लावू. अंदाज क्ष असेल, तर क्ष आणि २/क्ष यांची सरासरी हा नवा अंदाज. १ पासून निघाले की अनुक्रमे ३/२, १७/१२, ५७७/४०८ आणि ६६५८५७/४७०८३२ मिळतात. त्रुटी अशा:

| अंदाज | त्रुटी | आधीच्या त्रुटीशी गुणोत्तर | आधीच्या त्रुटीच्या वर्गाशी गुणोत्तर |
|---|---|---|---|
| १/१ | ०.४१४२१ | – | – |
| ३/२ | ०.०८५७९ | ०.२०७ | ०.५०० |
| १७/१२ | ०.००२४५३ | ०.०२८६ | ०.३३३ |
| ५७७/४०८ | ०.०००००२१२४ | ०.०००८६६ | ०.३५३ |
| ६६५८५७/४७०८३२ | ०.०००००००००००१५९५ | ०.००००००७५१ | ०.३५४ |

येथे तिसरा स्तंभ कोठेच स्थिरावत नाही. तो शून्याकडे कोसळतो. स्थिरावतो तो चौथा स्तंभ. म्हणजे नवी त्रुटी ही जुन्या त्रुटीच्या नव्हे, तर जुन्या त्रुटीच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. हे वर्गीय अभिसरण. याची सिद्धता एका ओळीची आहे: क्ष व २/क्ष यांच्या सरासरीतून √२ वजा करून समच्छेद केला, की अंशस्थानी (क्ष − √२) चा पूर्ण वर्ग येतो आणि छेदस्थानी २क्ष. त्रुटी हजारांशाएवढी असेल, तर पुढची दशलक्षांशाहूनही लहान होते. प्रत्येक पायरीला बरोबर अंकांची संख्या ढोबळमानाने दुप्पट होते.

एकाच शिडीवरील दोन चाली

दोन्ही तक्त्यांतील अपूर्णांक शेजारी ठेवले, की एक सुंदर गोष्ट दिसते. हेरॉनच्या नियमाने मिळालेले सारे अपूर्णांक थिऑनच्या शिडीवरचेच आहेत. १/१ ही पहिली पायरी, ३/२ दुसरी, १७/१२ चौथी, ५७७/४०८ आठवी आणि ६६५८५७/४७०८३२ ही सोळावी. थिऑनचा नियम एकेक पायरी चढतो. हेरॉनचा नियम उभ्या असलेल्या पायरीचा क्रमांक दुप्पट करतो. पहिल्या कृतीनंतर दोघेही ३/२ वरच असतात. तेथे कोण वेगवान हे कोणालाही सांगता येणार नाही. पण सोळाव्या पायरीला पोहोचण्यास एकाला पंधरा कृती लागतात, दुसऱ्याला चार. आणि चौसष्टाव्या पायरीसाठी त्रेसष्ट विरुद्ध सहा. यातील ५७७/४०८ हीच किंमत आपल्याकडील शुल्बसूत्रांतही येते: १ मध्ये १/३ व १/१२ मिळवून १/४०८ वजा करावा, असा तेथील नियम आहे.

वर्गीय वेग कोठे हरवतो?

हेरॉनच्या नियमाचा वेग सर्व ठिकाणी सारखा नसतो. √२ साठी पहिला अंदाज १ ऐवजी १००० घेऊन पाहा. पुढचे अंदाज ५००.००१, २५०.००२५, १२५.००५ असे येतात. त्रुटी दर वेळी केवळ निम्मी होते. हे तर रेषीय वर्तन झाले, आणि तेही थिऑनच्या नियमाहून मंद. कारण सूत्रातच आहे: नवी त्रुटी म्हणजे जुन्या त्रुटीचा वर्ग भागिले २क्ष; अंदाज फार मोठा असताना त्रुटी व क्ष जवळजवळ सारखेच असतात, म्हणून भागाकार त्रुटीच्या अर्ध्याएवढा उरतो. दहाव्या पायरीला अंदाज १.५८ च्या आसपास येतो. आणि तेथून पुढे दोनच पायऱ्यांत १.४२२९ व १.४१४२४. वर्गीय वेग हा उत्तराच्या जवळ गेल्यावरच मिळतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. याच नियमाने शून्याचे वर्गमूळ काढू गेलो, तर नवा अंदाज जुन्याच्या निम्मा, एवढेच उरते. उत्तराच्या कितीही जवळ गेले, तरी येथे वर्गीय वेग कधीच येत नाही. शून्य हे त्या समीकरणाचे दुहेरी मूळ आहे. अशा मुळाशी ही पद्धत रेषीयच राहते. म्हणून ‘ही पद्धत वर्गीय आहे’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या मुळाशी, हेही सांगावे लागते.

खरी किंमत ठाऊक नसताना

प्रत्यक्षात खरी किंमत माहीत नसते, म्हणून त्रुटीही थेट मोजता येत नाही. हाती असतो तो लागोपाठच्या दोन अंदाजांतील फरक. अंदाज हलेनासे झाले म्हणजे उत्तर आले, असे समजण्याचा मोह होतो, आणि नेमकी येथेच फसगत होते. समजा, एक रेषीय पद्धत दर पायरीला उरलेल्या अंतराचा केवळ शंभरावा भाग कापते. शेवटचा फरक ०.००१ एवढा दिसला, तर आधीचे अंतर ०.१ होते आणि अजून ०.०९९ शिल्लक आहे. दिसलेल्या फरकाच्या नव्याण्णव पट त्रुटी लपलेली आहे. उपाय असा, की लागोपाठच्या फरकांचेही गुणोत्तर काढावे. ते १ च्या जवळ स्थिरावले असेल, तर थांबू नये.

वर्गीय पद्धतीत स्थिती उलट असते. १७/१२ वरून ५७७/४०८ वर जाताना फरक ०.००२४५१ येतो, १७/१२ ची खरी त्रुटी ०.००२४५३ होती. म्हणजे फरक हा आधीच्या त्रुटीचाच विश्वासार्ह अंदाज ठरतो, आणि त्याच्या वर्गाला सुमारे २.८३ ने भागले की उरलेली त्रुटी √२ न जाणताही कळते: सुमारे ०.०००००२१२. मात्र हे माप यंत्राच्या अंकमर्यादेपर्यंतच चालते. दहा-बारा अंकी कॅल्क्युलेटरवर चौथ्या पायरीनंतर फरक शून्य दिसू लागतो. त्यापुढील गुणोत्तरे पद्धतीविषयी काही सांगत नाहीत, ती केवळ यंत्राने गाळलेल्या अंकांची असतात.